आठ मायक्रॉनची उडी

सीएनसी मशीनच्या टेबलाला एका जागी जाऊन उभं राहायला सांगितलं. ते गेलं, पोहोचलं, आणि मग उभं राहण्याऐवजी जागच्या जागी पुढे-मागे करत बसलं. कारखान्यात याला 'हंटिंग' म्हणतात. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, टेबल शांत वाटतं. पण डायल लावला की काटा बोलायला लागतो: तीन मायक्रॉन अलीकडे, मग पटकन पाच मायक्रॉन पलीकडे, पुन्हा तीन अलीकडे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात न येता महिनोन्‌महिने चालू शकतं. लक्षात येतं ते जॉबवर. बोअरच्या आत बारीक खुणा उठतात, नाहीतर पोझिशन पूर्ण झाल्याचा सिग्नलच येत नाही आणि प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जायला तयार होत नाही.

पहिला संशय ड्राइव्हवर जातो. मोटर फिरवणारी ती पेटी, तिच्यात शेकडो पॅरामीटर, तेव्हा त्यातलंच काहीतरी बिघडलं असणार, असा सरळ हिशेब. मग कुणीतरी गेन कमी करतो. गेन म्हणजे चूक दिसल्यावर मोटरने किती जोरात धावायचं, ते ठरवणारा आकडा. तो कमी केल्यावर काटा सावकाश हलायला लागतो, पण हलतो तेवढाच. आठ मायक्रॉनचे आठच. इथेच थांबून विचार करायला हवा. ड्राइव्हची सेटिंग बिघडली असती तर गेन उतरवल्यावर हालचाल विरून गेली असती. वेग बदलतो आणि माप तेच राहतं, याचा अर्थ ते माप ड्राइव्ह ठरवत नाही. दुसरं कुणीतरी ठरवतंय, आणि ते टेबलाच्या खाली, तेलाच्या पातळ थरात बसलेलं आहे.

घर्षणाबद्दल शाळेत शिकलेलं एक वाक्य बहुतेकांना आठवत असेल: वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती हलती ठेवायला कमी लागतो. फ्रान्सच्या शार्ल कुलोम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रोशफोरच्या जहाजगोदीत लाकडावर लाकूड आणि लाकडावर धातू ओढून हे मोजलं होतं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. ओंडका जितका वेळ पडून राहील, तितका तो सोडवायला जड जातो. हंटिंगमध्ये हेही कामाला येतं, पण ते नंतर.

शाळेतल्या वाक्यात एक मोठी फट आहे. 'थांबलेलं' आणि 'हलतं' या दोनच अवस्था ते मानतं, जणू टेबल सुटलं की घर्षण एकदम खालच्या पायरीवर उतरतं आणि तिथेच राहतं. तेल घातलेल्या पृष्ठभागांवर तसं होत नाही. 1902 साली जर्मन अभियंते रिशार्ड स्ट्रिबेक यांनी बेअरिंगवर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात छापले. वेग वाढवत नेला तर घर्षण आधी उतरत जातं, एका ठिकाणी सर्वांत कमी होतं आणि मग पुन्हा हळूहळू चढायला लागतं. कागदावर काढलं तर दरीसारखा आकार दिसतो. आज त्याला स्ट्रिबेक वक्र म्हणतात.

हा आकार येतो तेलामुळे. मशीनची स्लाइडवे कितीही गुळगुळीत घासलेली असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर उंचवटे असतात. टेबल उभं असताना वजनाने तेल दाबून बाजूला जातं आणि वरच्या-खालच्या लोखंडाचे उंचवटे एकमेकांवर टेकतात. मधे उरतो तो तेलाचा अगदी नावापुरता पापुद्रा. या अवस्थेत घर्षण सर्वांत जास्त. टेबल सरकू लागलं की ते आपल्याबरोबर तेल आत ओढून घेतं. आत शिरलेल्या तेलात दाब तयार होतो, टेबलाचं थोडं वजन तो दाब उचलतो, आणि टेकलेले उंचवटे कमी होतात. वेग वाढेल तसं घर्षण कमी होत जातं ते यामुळे. पुरेशा वेगाला टेबल जवळजवळ तेलावर तरंगतं. त्यापुढे वेग वाढवला तर तेलाच्या थरांना एकमेकांवरून सरकवण्याचा खर्च वाढतो, म्हणून वक्र पुन्हा वर वळतो.

आता या दरीचा डावा उतार तेवढा लक्षात ठेवायचा. एरवी निसर्गात आपल्याला उलटी सवय असते. वेग वाढला की अडथळा वाढतो, त्यामुळे कुठलाही धक्का आपोआप शमतो. डाव्या उतारावर वेग जरा वाढला की अडथळा कमी होतो, म्हणून वेग आणखी वाढतो. वेग जरा कमी झाला की अडथळा वाढतो, म्हणून तो आणखी कमी होतो आणि टेबल चिकटून बसतं. म्हणजे या पट्ट्यात टेबलाला मुंगीच्या पावलांनी जाताच येत नाही. ते थांबलेलं तरी असतं, नाहीतर निसटलेलं. आणि प्रत्येक सर्व्होला थांबताना या पट्ट्यातून जावंच लागतं. जागा जवळ येईल तसा तो वेग उतरवत नेतो, शेवटचे काही मायक्रॉन तर फारच हळू. नेमकं तिथेच घर्षण चढत जातं आणि टेबल दोन-तीन मायक्रॉन अलीकडे रुतून बसतं.

रुतणं समजलं, उडी का? त्यासाठी घरातली एक वीट आणि एक लांब रबर पुरे. विटेला रबर बांधा आणि रबराचं टोक फरशीवरून एकसारख्या सावकाश वेगाने ओढा. तुमचा हात एकसारखा जातो, वीट जात नाही. रबर ताणत जातं, वीट बसून राहते, मग एकदम सुटते, पुढे धावते, रबर सैल पडतं आणि वीट पुन्हा बसते. चिकटणं आणि निसटणं, म्हणून इंग्रजीत याला स्टिक-स्लिप म्हणतात. मशीनमध्ये वीट म्हणजे टेबल, हात म्हणजे मोटर आणि रबर म्हणजे मधला बॉलस्क्रू. दोन हात लांब आणि मनगटाएवढा जाड पोलादी स्क्रू रबरासारखा ताणतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण मायक्रॉनच्या जगात पोलादही ताणतं. स्क्रू, त्याचं नट, टोकाची बेअरिंग, कपलिंग सगळं मिळून जो ताठपणा येतो, तो मध्यम आकाराच्या मशीनवर साधारण शंभर न्यूटनला एक मायक्रॉन इतका धरायला हरकत नाही. शंभर न्यूटन म्हणजे दहा किलोच्या वजनाएवढा जोर.

एक प्रत्यक्षातलं मशीन घेऊ. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधलं, पूर्वी हाताने चालणारं आणि नंतर मोटर, ड्राइव्ह, स्केल बसवून सीएनसी केलेलं बोरिंग मशीन. ओतीव लोखंडावर ओतीव लोखंड अशी जुन्या पद्धतीची बॉक्स स्लाइडवे. टेबल आणि जॉब मिळून 500 किलोच्या घरात. स्क्रूची पिच 10 मिलिमीटर. टेबलाच्या बाजूला काचेची लिनिअर स्केल, म्हणजे टेबल खरोखर कुठे आहे ते कंट्रोलरला थेट दिसतं. ऑपरेटरची तक्रार एकाच वाक्याची होती: "साहेब, ह्यो थांबतोय कुठं? नुसता थरथरतोय." तक्रार अचूक होती.

ड्राइव्हच्या स्क्रीनवर मोटर किती टॉर्क लावते ते टक्क्यांत दिसतं. या मशीनवर टेबल सुटायच्या क्षणी आकडा 20 टक्क्यांना जायचा आणि ते सरकायला लागल्यावर 12 वर यायचा. मोटर 8 न्यूटन-मीटरची. 20 टक्के म्हणजे 1.6 न्यूटन-मीटर, आणि 10 पिचच्या स्क्रूमधून तो टेबलावर सुमारे 1000 न्यूटनचा जोर लावतो. 12 टक्क्यांचे होतात सुमारे 600 न्यूटन. नटाचं स्वतःचं घर्षण यात मिसळलेलं आहे, पण ढोबळ हिशेबाला एवढं चालतं.

आता विटेचा हिशेब इथे लावू. टेबल सुटायला 1000 न्यूटन हवेत, म्हणजे स्क्रू आधी 10 मायक्रॉन ताणला जातो. त्या 10 मायक्रॉनमध्ये मोटर फिरते आणि टेबल हलत नाही. 1000 गाठले की टेबल सुटतं. सुटताक्षणी अडथळा 600 वर येतो, पण स्क्रूचा ताण अजून 1000 चा आहे. वरचे 400 न्यूटन टेबलाला पुढे फेकतात. ताण आणि अडथळा 4 मायक्रॉनवर सारखे होतात, पण तोवर टेबलाने वेग घेतलेला असतो, म्हणून ते तेवढंच आणखी पुढे जातं. एकूण 8 मायक्रॉन. सूत्र मांडायचं तर उडी म्हणजे दोन्ही घर्षणांतल्या फरकाची दुप्पट भागिले ताठपणा. तेलातल्या शमनामुळे प्रत्यक्ष उडी थोडी कमी भरते. डायलवर मात्र काटा साधारण आठच दाखवत होता.

या उडीला किती वेळ लागतो? 500 किलो वजन आणि एवढा ताठ स्क्रू यांचा हिशेब केला तर सुमारे 7 मिलिसेकंद. कंट्रोलरचा पोझिशन गेन अशा मशीनवर बहुधा सेकंदाला 30 च्या आसपास असतो. म्हणजे चूक दिसल्यापासून ती बरीचशी दुरुस्त व्हायला 30 मिलिसेकंदांच्या वर जातात. कंट्रोलर 'अरे, पुढे गेलं' म्हणेपर्यंत टेबल पलीकडे जाऊन चिकटून बसलेलंही असतं. हंटिंगचं सगळं मर्म या दोन आकड्यांत आहे. उडी सर्व्होच्या हाताबाहेर घडते. तिच्या आधीची आणि नंतरची संथ ताणाताणी तेवढी त्याच्या ताब्यात असते.

पुढचं चक्र आता सरळ दिसेल. टेबल 3 मायक्रॉन अलीकडे रुतलं होतं. कंट्रोलरला चूक दिसते, ती शून्य होईपर्यंत तो मोटर पुढे फिरवत राहतो. चूक कमी होत नाही, कारण टेबल हलत नाही, स्क्रू तेवढा ताणतो. मग उडी, आणि टेबल 5 मायक्रॉन पलीकडे. आता चूक उलट दिशेची. मोटर मागे फिरू लागते, आधीचा ताण सोडते, उलटा ताण भरते, आणि 1000 न्यूटनला टेबल मागे उडतं: पुन्हा 3 अलीकडे. हे कधीच संपणार नाही, कारण 8 मायक्रॉनची उडी मारणाऱ्याला शून्यावर उतरता येत नाही. गेन कमी केला तर ताण भरायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. म्हणून वेग बदलला आणि माप बदललं नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच वादांचं मूळ ठरते. याच मशीनची स्केल काढून टाकली आणि कंट्रोलरला फक्त मोटरमागच्या एन्कोडरवर चालवलं, तर हंटिंग थांबतं. मोटर आपल्या जागी पोहोचते, कंट्रोलर खूश. टेबल मात्र अलीकडे रुतलेलंच असतं. ते आता कुणाला दिसत नाही, एवढंच. स्केल काढून 'मशीन दुरुस्त' केल्याचे प्रकार होतात. माझ्या मते ती दुरुस्ती नव्हे, पण एक चाचणी म्हणून ही युक्ती फार उपयोगी आहे. स्केल सोडल्यावर हंटिंग थांबलं तर दोष मोटर आणि टेबल यांच्या मधे कुठेतरी आहे हे नक्की. नाही थांबलं तर मोटरच्याच बाजूला बघा.

दोष मधे आहे म्हणून तो घर्षणाचाच असेल असंही नाही. नट झिजलं असेल, बेअरिंग सैल असेल, तर त्या मोकळ्या जागेमुळेही टेबल असंच इकडे-तिकडे करतं. दोघांत फरक टॉर्कच्या आलेखावर दिसतो. बहुतेक ड्राइव्हमध्ये तो काढायची सोय असते. घर्षणाच्या हंटिंगमध्ये टेबलाची जागा पायऱ्यांसारखी दिसते, सपाट, उडी, सपाट. टॉर्क मात्र तिरकी रेघ धरून चढतो आणि उडीच्या क्षणी पडतो, करवतीच्या दातांसारखा. सैलपणा असेल तर मोटर मोकळी जागा ओलांडताना टॉर्क जवळजवळ शून्य राहतो आणि स्क्रू टेकल्यावर वाढतो. गेन खरोखरच जास्त झालेला असेल तर दोन्ही रेघा गोल लाटांच्या दिसतात, सेकंदाला कित्येक वेळा, आणि मोटरचा घूं आवाज ऐकू येतो. घर्षणाचं हंटिंग बहुधा मुकं असतं.

शिरोलीच्या मशीनवर करवतीचे दात स्पष्ट होते. मग ॲक्सिस एकसारख्या वेगाने चालवून टॉर्क टिपला, आधी अगदी हळू, मग वाढवत. मिनिटाला 5 मिलिमीटरला आकडा 18-19 टक्क्यांच्या आसपास नाचत होता. 50 ला 14, 200 ला 12, हजारालाही 12 च, आणि पुढे तो पुन्हा चढू लागला. स्ट्रिबेक यांची दरी अर्ध्या तासात कागदावर आली, आणि तिचा डावा उतार नको इतका खडा निघाला.

खडा का, ते शोधायला तेलाची टाकी उघडावी लागली. तिच्यात हायड्रॉलिक पॅकचं तेल होतं. संपलं तेव्हा बॅरलमध्ये जे होतं ते ओतलेलं. दिसायला दोन्ही तेलंच, पण स्लाइडवेसाठी वेगळं तेल मिळतं, या आकाराच्या आडव्या स्लाइडवेसाठी बहुधा 68 ग्रेडचं. त्यात अशी रसायनं घातलेली असतात की ती लोखंडाला चिकटून राहतात आणि टेबल उभं असतानाही उंचवट्यांच्या मधे थर टिकवतात. ती वक्राच्या डाव्या टोकाला खाली ओढतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. शिवाय चारपैकी एका ठिकाणचा तेलाचा वितरक तुंबलेला होता, आणि जिब, म्हणजे टेबलाचा सैलपणा काढणारी पाचरीसारखी पट्टी, कुणीतरी जरुरीपेक्षा घट्ट आवळली होती. ती आवळणारा 'हलतंय तर घट्ट करू' या समजुतीने गेला असावा. त्याने घर्षण वाढलं आणि उडीही.

तेल बदललं, वितरक साफ केला, जिब पुन्हा बसवली आणि नवं तेल पसरावं म्हणून टेबल बराच वेळ पूर्ण अंतर मागे-पुढे चालवलं. सुटतानाचा टॉर्क 13 टक्क्यांवर आला, सरकतानाचा 10. फरक 8 टक्क्यांवरून 3 वर, म्हणजे 400 न्यूटनवरून 150 वर. सूत्रात घाला: उडी 3 मायक्रॉन. पॅरामीटर अजून एकही बदललेला नव्हता.

उरलेल्या तिनांसाठी मात्र कंट्रोलरकडे जावं लागलं. उपाय साधा आहे: चूक एका मर्यादेच्या आत असेल तर दुरुस्त करायचीच नाही, टेबल जिथे बसलंय तिथे बसू द्यायचं. ही मर्यादा किती ठेवायची, हेही उडीच ठरवते. दोन्ही बाजूंना मिळून पट्टा उडीहून अरुंद असेल तर टेबल त्याच्यावरून पलीकडे जाईल आणि चक्र चालूच राहील. म्हणून मर्यादा उडीच्या निम्म्याहून जास्त हवी. 3 मायक्रॉनच्या उडीला दोन्ही बाजूंना 2 मायक्रॉन ठेवले आणि काटा थांबला. आधीच्या 8 च्या उडीला निदान 4 हून जास्त ठेवावे लागले असते. म्हणजे तेल न बदलता नुसता पॅरामीटर टाकला असता तरी हंटिंग थांबलं असतं, फक्त टेबल चार मायक्रॉनपर्यंत चुकीच्या जागी उभं राहिलं असतं.

आणखीही उपाय आहेत. दिशा बदलताना घर्षणाएवढा टॉर्क आधीच लावून द्यायची सोय बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते. चालत्या ॲक्सिसला तिचा चांगला उपयोग होतो, विशेषतः गोल कापताना. उभ्या टेबलाला तिचा भरवसा कमी, कारण कुलोम यांना दिसलेली गोष्ट आड येते. रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनचं सकाळचं पहिलं घर्षण दुपारच्या घर्षणापेक्षा जास्त असतं, आणि जास्त टॉर्क लावून ठेवला तर दुपारी टेबल पुढे धावतं. सकाळची पहिली पोझिशन चुकते, नंतरच्या बरोबर येतात, ही तक्रार अनेकदा याच कारणाची असते.

कायमचा उपाय यांत्रिक आहे. स्लाइडवेवर टेफ्लॉन आणि ब्राँझ मिसळलेली पट्टी चिकटवून ती स्क्रेपिंगने बसवली की सुटतानाचं आणि सरकतानाचं घर्षण जवळजवळ सारखं होतं. दरीचा डावा उतारच सपाट होतो आणि उडीला कारण उरत नाही. आज बॉक्स स्लाइडवेची नवी मशीन बहुधा अशा पट्टीवरच येतात. बाकीची रोलर किंवा बॉलच्या लिनिअर गाइडवर, जिथे घर्षण मुळातच फार कमी असतं.

तेव्हा जुनं बॉक्स स्लाइडवेचं मशीन सीएनसी करून घेणार असाल, तर मोटर आणि ड्राइव्हचं कोटेशन मागवण्याआधी टाकीत कुठलं तेल आहे ते बघा, आणि स्लाइडवेवर टेफ्लॉनची पट्टी आहे की लोखंडावर लोखंड, हे विचारा. लोखंडावर लोखंड असेल तर पट्टी आणि स्क्रेपिंगचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरायला सांगा. तो वाचवून स्केलवर घातलेले पैसे टेबल कुठे चुकलं एवढंच दाखवतील.